तक्रार अशी लिहा, की पुढच्या टेबलावर जशीच्या तशी जावी

बँकेनं समाजमाध्यमावर काहीही टाकलेलं असो, गृहकर्जाची जाहिरात असो की गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, त्याखाली ग्राहकांच्या तक्रारींची रांग लागलेली असते. 'महिना झाला, पैसे कुठे आहेत?', 'लुटारू बँक, कुणी खातं उघडू नका', 'फोन कुणी उचलत नाही, लाज वाटू द्या.' या प्रत्येकाखाली बँकेचं उत्तरही ठरलेलं असतं: झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया आपला तपशील आम्हाला खासगी संदेशात कळवा. तिथेच बहुतेक संवाद संपतो. ज्यांचे पैसे अडकलेले असतात त्यांचा संताप खरा असतो आणि त्यांची बाजूही बहुतेकदा बरोबरच असते. पण त्यांनी लिहिलेल्या ओळींत असं काहीच नसतं, ज्यावरून समोरच्या माणसाला त्यांचं प्रकरण शोधता येईल किंवा पुढे पाठवता येईल.

तो समोरचा माणूस कोण, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. बँकेचं समाजमाध्यमांचं खातं सांभाळणारा कर्मचारी तुमच्या शाखेत बसलेला नसतो. तुमचे पैसे परत करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो प्रतिक्रिया वाचतो, त्यांची वर्गवारी करतो आणि ज्यात पकडायला काही धागा असेल ती संबंधित विभागाकडे ढकलतो. धागा नसेल तर साचेबद्ध दिलगिरी टाकून पुढच्या प्रतिक्रियेकडे वळतो. म्हणून जाहीर तक्रार लिहिताना तो राग समजून घेईल का, असा विचार करून उपयोग नाही. या ओळी त्याच्याकडून पुढच्या टेबलावर गेल्या, तिथून बँकेच्या तक्रार विभागात गेल्या आणि तिथेही काही झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेल्या, तर प्रत्येक ठिकाणी त्या तशाच उपयोगी पडतील का, हे पाहायचं.

एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊन पाहू. एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा होणं, हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. समजा, तुमचं खातं एका बँकेत आहे. ३ जूनला रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी लातूरमध्ये तुम्ही दुसऱ्याच एका बँकेच्या एटीएमवर गेलात, १०,००० रुपये मागितले. यंत्र खडखडलं, पडद्यावर काहीतरी चूक झाल्याचा संदेश आला, नोटा आल्या नाहीत. बाहेर पडेपर्यंत मोबाइलवर १०,००० रुपये वजा झाल्याचा एसएमएस येऊन पडला.

आत काय घडलं असेल? तुम्ही रक्कम टाइप केल्यावर यंत्रानं तुमच्या बँकेला विचारलं, तुमच्या बँकेनं शिल्लक पाहून रक्कम वजा केली आणि 'द्या' असं कळवलं. त्यानंतर नोटा अडकल्या, वीज गेली किंवा जोडणी तुटली. अशा वेळी 'रोकड दिली नाही, रक्कम परत जमा करा' असा उलटा संदेश यंत्राकडून जायला हवा असतो. तो गेला तर पैसे काही मिनिटांत परत येतात. तो वाटेत हरवला तर तुमच्या बँकेच्या दृष्टीनं व्यवहार पूर्ण झालेला असतो. पण एटीएमच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद होत असते. तिला बँकवाले ईजे लॉग म्हणतात. शिवाय यंत्रातली रोकड मोजली जाते तेव्हा तुमचे १०,००० रुपये तिथे जादा निघतात. म्हणजे खरं काय घडलं ते दोन ठिकाणी नोंदलेलं असतं. तिथपर्यंत पोचायला तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक लागतो. 'परवा संध्याकाळी बसस्टँडजवळच्या एटीएमवर' एवढ्यावर कुणाला काही सापडत नाही.

म्हणून यंत्रासमोरून हलण्यापूर्वीच पावती निघाली असेल तर ती घ्या. त्यावर यंत्राचा क्रमांक आणि व्यवहाराचा क्रमांक छापलेला असतो. पावती निघाली नसेल तर यंत्रावर किंवा केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला एटीएम क्रमांक टिपून घ्या, पडद्यावरच्या संदेशाचा फोटो काढा, वजा झाल्याचा एसएमएस जपून ठेवा. अर्धीच रक्कम आली असेल, समजा १०,००० मधले ४,०००, तर तेही तसंच नोंदवा. सगळीच रक्कम आली नाही असं सांगितलंत आणि नोंदीत अर्धी दिलेली दिसली, तर तुमचा खरा दावाही अडचणीत येतो.

तक्रार कुणाकडे करायची, इथेही पुष्कळजण चकतात. एटीएम ज्या बँकेचं, तिच्या शाखेत जाऊन लोक भांडतात आणि तिथला अधिकारी 'तुमच्या बँकेकडे जा' म्हणतो तेव्हा त्यांना वाटतं, हा हात झटकतोय. या एका बाबतीत तो बरोबर असतो. कार्ड ज्या बँकेनं दिलं तिच्याकडेच तक्रार नोंदवायची; पुढे दुसऱ्या बँकेकडून खुलासा आणि रक्कम मागवणं हे तिचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जाहीर प्रतिक्रिया लिहिण्याआधी बँकेच्या अधिकृत तक्रार व्यवस्थेत रीतसर लेखी तक्रार करा: बँकेच्या ॲपमध्ये, संकेतस्थळावर, ईमेलनं किंवा शाखेत अर्ज देऊन. शाखेत दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका, शाखेतून उठू नका. याचं कारण साधं आहे. रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली, आणि तिच्याकडे जाण्याची मूळ अट अशी आहे की ग्राहकानं आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी. मग बँकेनं ती पूर्णतः किंवा अंशतः फेटाळली असेल, उत्तर समाधानकारक नसेल, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नसेल, तरच लोकपालाचं दार उघडतं. हे ३० दिवस त्या लेखी तक्रारीपासून मोजले जातात. महिनाभर फक्त जाहिरातींखाली लिहीत राहिलेल्या माणसाचे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि लोकपालाकडे गेल्यावर 'आधी बँकेकडे तक्रार करा' असं ऐकावं लागतं. मला याची फार हळहळ वाटते, कारण अशा माणसानं दाद मागायला कमी कष्ट घेतलेले नसतात.

मग जाहीर प्रतिक्रिया कशासाठी? आधीच नोंदवलेल्या तक्रारीकडे बोट दाखवण्यासाठी. तक्रार अमुक तारखेला, अमुक क्रमांकानं दाखल आहे, मुदत अमुक दिवशी संपली, आणि मी वाट पाहत आहे, हे चारचौघांसमोर नोंदवण्यासाठी. आपल्या उदाहरणात तुम्ही ४ जूनला तक्रार नोंदवलीत आणि २० जूनपर्यंत पैसे आले नाहीत, तर प्रतिक्रिया अशी लिहिता येईल:

'३ जून रोजी रात्री ८.४० वाजता लातूर येथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर १०,००० रुपये काढताना रोकड मिळाली नाही. रक्कम खात्यातून वजा झाली. ४ जूनला आपल्याकडे तक्रार नोंदवली आहे, क्रमांक (इथे तक्रार क्रमांक). रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ८ जूनपर्यंत रक्कम परत जमा व्हायला हवी होती. आज २० जून, ती जमा झालेली नाही. मागणी: १०,००० रुपये आणि ९ जूनपासून रक्कम जमा होईपर्यंत रोज १०० रुपये भरपाई. लेखी उत्तर याच तक्रार क्रमांकावर द्यावे. ४ जुलैपर्यंत निकाल न लागल्यास लोकपालाकडे जाईन.'

यात एकही विशेषण नाही. 'मनस्ताप' नाही, 'बेजबाबदार' नाही. तरी वाचणाऱ्या कर्मचाऱ्याला हा मजकूर बाजूला सारता येत नाही, कारण त्यात त्याला तपासून पाहता येईल असं सगळं आहे आणि तपासल्यावर ते खरंच निघणार आहे. कठोरपणा लागतो तो इथे, तारखांत आणि मागणीत.

त्यातल्या नियमाविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ग्राहकाच्या हातातलं खरं बळ तेच आहे. २०१९ च्या त्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. एटीएममधून रोकड आली नाही पण खात्यातून वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत रक्कम परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे मोजायचे. रविवार आणि बँकेची सुट्टी त्यातून वगळली जात नाही. त्यानंतर प्रत्येक दिवसाच्या विलंबाला १०० रुपये भरपाई. यूपीआयनं एखाद्याला पाठवलेले पैसे तुमच्याकडून गेले आणि त्याला मिळाले नाहीत, तर मुदत आणखी कमी, फक्त पुढच्या दिवसापर्यंतची आहे. दुकानदाराला यूपीआयनं पैसे दिले, खात्यातून वजा झाले आणि त्याच्याकडे मिळाल्याची खूण आली नाही, तर पुन्हा ५ दिवस.

या परिपत्रकातलं एक वाक्य प्रत्येक खातेदाराला ठाऊक असायला हवं. ही भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची आहे. ग्राहकानं तक्रार किंवा मागणी करण्याची वाट पाहायची नाही. त्यामुळे १०० रुपये रोज मागताना संकोच करण्याचं काहीच कारण नाही. मूळ पैसे आले हेच पुष्कळ, असं म्हणून आपण सोडून देतो. पण ती रक्कम दंडासारखी ठेवली आहे ती बँकांनी उशीर करू नये म्हणून. ती मागितलीच नाही तर उशीर बँकेला फुकट पडतो.

समजा, तुमच्या प्रतिक्रियेनंतर हालचाल झाली आणि २७ जूनला १०,००० रुपये जमा झाले. सोबत 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा एसएमएसही आला. आता हिशेब करा. ८ जूनपर्यंतची मुदत सोडून ९ ते २७ जून हे १९ दिवस होतात. १,९०० रुपये बाकी आहेत. त्याच प्रतिक्रियेखाली, त्याच शांतपणे लिहा: 'मूळ रक्कम २७ जूनला जमा झाली, आभार. विलंब १९ दिवसांचा आहे. १,९०० रुपये भरपाई बाकी आहे. तक्रार पूर्ण निकाली निघालेली नाही.' आणि हेच तक्रार क्रमांकावर ईमेलनंही कळवा. पैसे आले हे सांगण्यात कमीपणा नाही. उलट आलेली रक्कम मान्य केलीत की उरलेल्या मागणीचं वजन वाढतं आणि पुढे लोकपालानं हा मजकूर वाचला तर तुम्ही सरळ वागलात हे त्याला दिसतं. जमा झालेल्या रकमेसमोरचा तपशील मात्र वाचून घ्या. काही वेळा चौकशी चालू असताना बँक रक्कम तात्पुरती जमा करते आणि चौकशी विरुद्ध गेली की परत काढून घेते.

चौकशी विरुद्ध जाते तेव्हा उत्तर साधारण असं येतं: 'संबंधित बँकेच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे.' इथे बहुतेक लोक हतबल होतात किंवा चिडून वाटेल ते लिहितात. दोन्ही टाळा. या क्षणी जाहीर प्रतिक्रियेपेक्षा लेखी तक्रारीला महत्त्व आहे. त्यात तीन गोष्टी मागा: त्या व्यवहाराची ईजे लॉगमधली नोंद, त्या यंत्रातल्या रोकड मोजणीचा निष्कर्ष आणि त्या वेळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं ही विनंती. चित्रणाची मागणी खरं तर पहिल्याच तक्रारीत करावी, कारण ते कायमचं साठवलेलं नसतं आणि उशिरा मागितलं तर उपलब्ध नाही एवढंच उत्तर मिळतं. आणखी एक विचारा: ही तक्रार बँकेच्या अंतर्गत लोकपालापुढे गेली होती का? मोठ्या बँकांमध्ये असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे, आणि तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची असेल तर अंतिम उत्तर देण्याआधी ती त्याच्याकडे पाठवावी लागते. ग्राहकाला थेट त्याच्याकडे जाता येत नाही, पण प्रकरण तिथे गेलं होतं का हे विचारता नक्कीच येतं. कॉल सेंटरमधून परस्पर 'बंद' केलेल्या तक्रारीला हा प्रश्न विचारला की ती बऱ्याचदा पुन्हा उघडावी लागते.

आता भाषेबद्दल. 'चोर', 'लुटारू', 'फसवणूक करणारी टोळी' हे शब्द रागात सहज येतात. ते न लिहिण्याचं कारण निव्वळ सभ्यता एवढंच नाही. लोकपाल योजनेत शिवराळ किंवा उगाच छळण्यासाठी केलेली तक्रार ग्राह्य धरली जात नाही. आणि एखाद्या कर्मचाऱ्याचं नाव घेऊन त्यानं पैसे खाल्ले असं जाहीरपणे लिहिलंत आणि सिद्ध करता आलं नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा दावा तुमच्यावरच उलटू शकतो. शाखेतल्या कारकुनाचं नाव लिहून काही साधतही नाही; यंत्राच्या नादुरुस्तीला तो जबाबदार नसतो. 'रोकड आली नाही, रक्कम वजा झाली' हे घडलेलं आहे. 'तुम्ही माझे पैसे हडप केले' हा तुम्ही काढलेला निष्कर्ष आहे. प्रतिक्रियेत घडलेलं लिहा.

पहिल्याच प्रतिक्रियेत रिझर्व्ह बँक, अर्थमंत्री, पंतप्रधान आणि दोन वृत्तवाहिन्या असं सगळ्यांना टॅग करण्याची पद्धत पडली आहे. माझं मत विचाराल तर ती सोडून द्यावी. रिझर्व्ह बँकेला टॅग करणं म्हणजे लोकपालाकडे तक्रार करणं होत नाही. त्या टॅगला क्रमांक मिळत नाही आणि त्यावर निर्णय होत नाही. शिवाय पहिल्याच दिवशी शेवटची पायरी वापरून टाकली की 'यानंतर मी पुढे जाईन' या वाक्यात दम राहत नाही. पुढची पायरी कोणती आणि ती कोणत्या तारखेला चढणार, हे एका वाक्यात सांगून थांबलेलं अधिक परिणामकारक असतं. फक्त ती तारीख उलटल्यावर खरोखर पुढे जायचं. दर आठवड्याला नवी मुदत देणाऱ्या ग्राहकाला कुणी मोजत नाही.

प्रतिक्रियेत काय लिहायचं नाही, हे मात्र काटेकोरपणे पाळा. खाते क्रमांक, कार्डाचा क्रमांक, मोबाइल नंबर, ईमेल, पासबुकाच्या पानाचा फोटो, यांतलं काहीही जाहीरपणे द्यायचं नाही. बँकांच्या पानांवर तक्रार करणाऱ्यांवर टपून बसलेले ठग असतात. बँकेच्या नावासारखंच नाव, तेच बोधचिन्ह लावलेल्या खात्यावरून ते काही मिनिटांत उत्तर देतात, एक हेल्पलाइन नंबर देतात किंवा लिंक पाठवतात. पैसे अडकलेला माणूस घाईत असतो, त्याला मदत आल्यासारखं वाटतं. नावापुढच्या निळ्या खुणेवरही विसंबू नका. काही माध्यमांवर ती पैसे भरून मिळते. बँकेचं खरं खातं कोणतं हे तिच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या दुव्यावरून पाहा.

इथे तक्रार क्रमांकाचा एक धोका ध्यानात ठेवायला हवा. तो लिहिल्याशिवाय प्रतिक्रियेला अर्थ नाही आणि त्यावरून कुणी तुमचं खातं उघडू शकत नाही, म्हणून तो लिहावाच. पण एकदा तो जाहीर झाला की 'मी बँकेतून बोलतोय, तुमची अमुक क्रमांकाची तक्रार आहे ना?' असं म्हणणारा कोणीही असू शकतो. क्रमांक बरोबर सांगितला म्हणून तो बँकेचाच माणूस, असं धरून चालू नका. पैसे परत जमा करण्यासाठी बँकेला तुमचा पिन, ओटीपी किंवा तुमच्या फोनमध्ये कसलं ॲप बसवणं कधीच लागत नाही. असा फोन आला तर तो ठेवून कार्डाच्या मागच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. आणि मुळात तुमच्या खात्यातून कुणी परस्पर पैसे काढले असतील, तर प्रतिक्रिया लिहीत बसण्याची ती वेळच नसते. तेव्हा आधी बँकेला फोन करून कार्ड आणि खातं थांबवायचं आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं.

लिहून झाल्यावर प्रतिक्रियेचा तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फेसबुकवर पानाचा चालक एखादी प्रतिक्रिया लपवू शकतो आणि गंमत म्हणजे ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, बाकीच्यांना दिसत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, तुमच्या मित्रयादीत नसलेल्या खात्यातून, एकदा पाहून घ्या. बँकेनं खासगी संदेशात बोलावलं तर जरूर जा, पण तिथे जे ठरलं ते दोन ओळींत जाहीर प्रतिक्रियेखाली नोंदवा: 'खासगी संदेशात तपशील दिला, २५ जूनपर्यंत उत्तर देऊ असं कळवलं आहे.' यानं बँकेनं दिलेली तारीखही नोंदीवर येते.

दूरसंचार कंपन्यांच्या बाबतीत लिहिण्याची रीत हीच, पायऱ्या मात्र वेगळ्या आहेत. न मागितलेली सेवा सुरू झाली, पैसे कापले गेले, ब्रॉडबँड बंद पडलं, अशा वेळी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यायचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी कंपन्यांना दुहेरी व्यवस्था ठेवायला लावली आहे: आधी तक्रार केंद्र आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीचंच अपील प्राधिकरण. मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला शुल्क नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. लोक बहुतेकदा नियामक प्राधिकरणालाच टॅग करतात, पण ते एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. म्हणून कंपनीच्या पोस्टखाली लिहिताना शेवटचं वाक्य 'अमुक तारखेपर्यंत निकाल न लागल्यास अपील दाखल करेन' असं हवं. कंपनीतल्या माणसाला या शब्दाचा अर्थ बरोबर कळतो.

बँकेच्या प्रकरणाकडे परत येऊ. ४ जुलै उलटली, १,९०० रुपये आले नाहीत. आता cms.rbi.org.in या संकेतस्थळावर जायचं. तिथे विचारलं जातं ते असं: कोणत्या बँकेविरुद्ध तक्रार आहे, बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, कोणत्या तारखेला, तिचा क्रमांक काय, उत्तर आलं का, घटना थोडक्यात सांगा, किती रकमेची मागणी आहे, कागदपत्रं जोडा. वर दिलेली प्रतिक्रिया आता पुन्हा वाचून पाहा. यांतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यात आलेली आहेत. १६ दिवसांपूर्वी लिहिलेला मजकूर जवळजवळ तसाच इथे उतरवता येतो. २७ जूनला मूळ रक्कम जमा झाली एवढी ओळ वाढवायची आणि मागणी १,९०० रुपयांवर आणायची. सोबत वजा झाल्याचा एसएमएस, तक्रारीची पोच, खातेउताऱ्याचं ते पान आणि बँकेचं उत्तर जोडायचं. या कामासाठी वकील लावायची गरज नाही. त्याच विषयावर न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात दावा चालू असेल तर मात्र लोकपाल प्रकरण हाती घेत नाही, म्हणून एका वेळी एकच दार निवडायचं. मुदत उलटल्यावर जास्त दिवस थांबू नका. लोकपालाकडे जाण्यालाही कालमर्यादा आहे.

तक्रार पतसंस्थेविरुद्ध असेल तर हा मार्ग लागू नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत; तिथे सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

ज्यांना संकेतस्थळ जमत नाही त्यांच्यासाठी चंदीगडला रिझर्व्ह बँकेचं तक्रार स्वीकारणारं केंद्र आहे. तिथे कागदावर लिहिलेली तक्रार टपालानं पाठवता येते, आणि ती कोणत्याही भाषेत चालते, मराठीतही. काही अडलं तर १४४४८ या क्रमांकावर विचारता येतं. लोकपालाकडे तक्रार करायला एक रुपयाही शुल्क लागत नाही.